ग्रुप फोटोतल्या गळ्यातल्या फिती, आयकार्डं आणि बॅगांचे पट्टे काढायचे कसे

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याची डीलर मीट असते. सत्कार होतात, जेवणाआधी सगळ्यांना स्टेजवर घेऊन ग्रुप फोटो काढला जातो आणि दोन दिवसांनी फोन येतो, ‘फोटो झकास आलाय, तेवढं गळ्यातलं काढून द्या, फ्रेम करून रिसेप्शनला लावायचाय.’ फोटोत तीस माणसं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात कंपनीची रंगीत फीत. दोघा-तिघांच्या खांद्याला लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टाही असतोच. असं काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या फोटोशॉपच्या आहेत.

फोटो अजून काढायचा असेल तर खरा उपाय कॅमेऱ्यामागेच आहे. ‘कार्ड काढून खिशात ठेवा’ असं मोठ्यानं सांगायचं आणि फीतसुद्धा काढायला लावायची. नुसतं ‘कार्ड खिशात’ म्हटलं की लोक कार्ड शर्टाच्या खिशात सारतात आणि फीत गळ्याभोवती तशीच राहते, वर खिशातून तिचा फुगलेला वेढा बाहेर लोंबतो. तो काढणं सरळ लोंबणाऱ्या फितीपेक्षा अवघड जातं. शिवाय एकाच जागेवरून पाच-सहा फ्रेम घेऊन ठेवाव्यात. पुढे दागिन्यांपाशी त्या उपयोगी पडतात.

आधी मापं काढा

काम सुरू करण्यापूर्वी फीत फोटोत किती पिक्सेलची आहे ते पाहा. ब्रशचा आकार, झूम आणि लागणारा वेळ, सगळं त्यावरच ठरतं.

समजा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा आहे आणि माणसं दहा-दहाच्या तीन रांगांत उभी आहेत. कडेची मोकळी जागा सोडली तर रांग साधारण 5000 पिक्सेल रुंद, म्हणजे एका माणसाला 500 पिक्सेल. माणसाची खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी 45 ते 50 सेंटिमीटर धरली, तर एक मिलिमीटर म्हणजे ढोबळमानानं एक पिक्सेल. फिती 10 ते 20 मिलिमीटर रुंदीच्या मिळतात आणि कार्यक्रमांना बहुधा 20 मिलिमीटरचीच छापतात, म्हणजे आपल्या फोटोत ती 20 पिक्सेलची. कार्ड 86 बाय 54 मिलिमीटरचं असतं. प्लास्टिकच्या कव्हरसकट ते 100 बाय 65 पिक्सेलच्या आसपास जागा अडवतं.

हाच फोटो 12 बाय 18 इंचाच्या प्रिंटवर गेला, तर 20 पिक्सेलची फीत कागदावर दीड मिलिमीटरची दिसेल. म्हणून 400 टक्के झूम करून एकेक धागा विणत बसायचं कारण नाही. काम 200 टक्क्यांवर करायचं आणि 100 टक्क्यांवर तपासायचं. ग्राहकानं व्हॉट्सॲपवरून आलेली 1600 पिक्सेलची प्रत दिली असेल, तर तीच फीत त्यात जेमतेम पाच पिक्सेलची उरते आणि तिच्या शेजारचं कापड कॉम्प्रेशननं आधीच फुटलेलं असतं. तिथं मेहनत घालवू नका, कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवा.

लेयर आणि तपासणीचा पडदा

मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्यावर रिकामा लेयर घ्या, शक्यतो प्रत्येक रांगेला वेगळा. क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश या दोन्हींना वरच्या पट्टीत `Sample` मध्ये `Current & Below` निवडा आणि `Aligned` वर टिक ठेवा. पॅच टूल नेहमीच्या `Normal` मोडमध्ये रिकाम्या लेयरवर चालत नाही, त्यामुळे या कामात ते बाजूला राहिलेलं बरं.

सगळ्यांत वर एक कर्व्हज ॲडजस्टमेंट लेयर घ्या. पांढऱ्या आणि फिक्या शर्टांसाठी त्याची रेघ मधून चांगली खाली ओढा, काळ्या-निळ्या कोटांसाठी वर ढकला. फोटो भेसूर दिसेल, पण एरवी नजरेतून सुटणारी फितीची सावली ठळक उठून येईल. हा फक्त तपासणीचा पडदा आहे, गरजेपुरता चालू करायचा आणि बंद करायचा. `Sample` मध्ये `All Layers` नको म्हणतो ते याच्याचमुळे: पडदा चालू असताना तसं क्लोन केलं तर उचललेला रंग पडद्यानं गडद केलेला असतो आणि तोच शर्टावर कायमचा बसतो.

साधा शर्ट: पहिला माणूस पूर्ण करा

एकरंगी फिक्या शर्टाच्या माणसापासून सुरुवात करा. समजा शर्ट पांढरा, फीत गडद निळी, हॉलमध्ये फ्लॅश डावीकडून मारलेला. नवशिक्यांचा घोटाळा होतो तो फितीला एक पट्टी समजण्यात. शर्टावर ती तीन गोष्टी करून बसलेली असते. एक म्हणजे फीत स्वतः. दुसरी, फ्लॅशच्या उलट बाजूला पडलेली तिची सावली, इथं उजवीकडे पाच-दहा पिक्सेलची. तिसरी, कार्डाच्या वजनानं कापडाला पडलेली दाब आणि रंगीत फितीची शेजारच्या पांढऱ्यावर पडलेली झाक. पट्टी गेली आणि बाकीच्या दोन राहिल्या की शर्टावर फितीचं भूत दिसतं. प्रिंटमध्ये ते स्क्रीनपेक्षा जास्त डोळ्यांवर येतं.

कॉलरपासून खाली यायचं. फीत कॉलरच्या आतून बाहेर येत असेल तर काम सोपं आहे. कॉलरच्या कडेनं लासोनं फितीच्या बाजूचा भाग निवडा, फेदर 0.5 पिक्सेल द्या, म्हणजे ब्रश कॉलरवर चढणार नाही. फीत कॉलरच्या वरून गेली असेल तर कॉलरची कड पुन्हा घडवावी लागते. कॉलरची कड बहुतेक सरळ असते, तिचा फायदा घ्या. फितीच्या लगतचा 40-50 पिक्सेलचा कडेचा तुकडा, शिलाईसकट, लासोनं निवडा. निवडताना मूळ फोटोचा लेयर चालू हवा. Ctrl+J करा, तो तुकडा कडेच्याच दिशेनं सरकवून फितीवर आणा आणि मास्कनं टोकं मिळवून घ्या. ब्रशनं कड काढायला गेलात तर ती हलते आणि कॉलर चुरगळल्यासारखी दिसते.

मग छातीवरची फीत. क्लोन स्टॅम्पचा ब्रश 25-30 पिक्सेल, हार्डनेस 50 ते 60 टक्के, ओपॅसिटी 100. फितीवरून एखादी चुणी किंवा शिवण आडवी जात असेल तर पहिल्यांदा तीच जोडा. एका बाजूच्या चुणीवर Alt धरून क्लिक करा, चुणीच्या दिशेनंच ब्रश पुढं न्या आणि पलीकडच्या टोकाला मिळवा. चुण्या जुळल्या की मधली सपाट जागा भरणं हा किरकोळ भाग उरतो. उलट क्रमानं केलं तर चुण्या फितीच्या जागी तुटतात आणि नेमक्या त्या तुटलेल्या टोकांनी डोळ्याला फितीचा मार्ग दाखवला जातो.

सपाट जागेसाठी फितीची डावी अर्धी बाजू डावीकडच्या कापडानं भरा, उजवी अर्धी उजवीकडच्या. छाती गोलसर असते, उजेड एका बाजूकडून दुसरीकडे कमी होत जातो, त्यामुळे पूर्ण फीत एकाच बाजूनं भरली तर पलीकडच्या कडेला पायरी पडते. कापड उचलण्याची जागा फितीच्या अगदी लगतची नको, सावली संपल्याच्या पुढची हवी. सावलीच उचलली गेली तर फितीला समांतर एक धूसर रेघ उमटते. नव्या हातांच्या कामात हा दोष हमखास सापडतो. दोन्ही बाजू मध्ये जिथं भेटतात तो सांधा हीलिंग ब्रशनं एकदा फिरवून घ्या.

हीलिंग ब्रश मात्र कॉलर, बटणपट्टी, खिशाची कड यांच्या जवळ नेऊ नका. तो भोवतालचा रंग आत ओढतो, त्यामुळे गडद कडेशेजारी पांढऱ्यावर मळकट डाग उतरतो. कडेजवळ क्लोन, मोकळ्यावर हीलिंग, एवढं पाळलं तर निम्मे डाग टळतात.

आता तपासणीचा पडदा चालू करा. सावलीची रेघ राहिली असेल तर तिच्यावर क्लोनचा हात पुन्हा फिरवा, या वेळी ओपॅसिटी 40-50. रंगाची झाक राहिली असेल तर आणखी एक रिकामा लेयर घेऊन त्याचा ब्लेंड मोड `Color` करा, शेजारच्या स्वच्छ कापडाचा रंग Alt धरून उचला आणि फ्लो 10-15 टक्क्यांवर ठेवून मऊ ब्रशनं हलकेच फिरवा. लाल किंवा भगव्या फितीची झाक हनुवटीखालच्या कातडीवरही चढते, तिथंही हेच करायचं.

फीत मानेवर, कॉलरच्या वर, दोन्ही बाजूंना बोटभर दिसते. हा तुकडा सर्रास विसरला जातो. समोरची सगळी फीत साफ आणि मानेपाशी दोन निळे ठिपके, असे फोटो फ्रेम होऊन भिंतीवर लागलेले दिसतात. मानेवर काम करताना जबड्याच्या सावलीची रेघ ओलांडू नका. सावलीतली कातडी सावलीतून घ्या, उजेडातली उजेडातून.

कार्डाखाली काय होतं ते ठरवा

फितीखालचं कापड शेजारी दिसत असतं, म्हणून ते भरता येतं. कार्ड मात्र काही वस्तूच झाकतं. शर्टाची बटणपट्टी, एखादं बटण, कधी खिशाचा कोपरा. कार्ड भरायच्या आधी खाली काय असणार ते मोजून ठरवा.

पुरुषांच्या शर्टाची बटणं साधारण 8 ते 9 सेंटिमीटरवर असतात. आपल्या फोटोत म्हणजे 80-90 पिक्सेल. पण अंदाजावर जाऊ नका, त्याच माणसाच्या दिसणाऱ्या दोन बटणांमधलं अंतर मोजा. समजा ते 85 आलं. कार्डाच्या वरचं शेवटचं बटण आणि खालचं पहिलं बटण यांत 170 अंतर असेल, तर मधोमध एक बटण झाकलं गेलंय. अंतर 85च असेल तर बटण झाकलेलं नाही, उगाच बसवू नका. अंतर अधलंमधलं निघालं तर माणूस वाकलाय किंवा पोटापाशी कापड दुमडलंय. तेव्हा दुमड कुठं आहे ते पाहून मगच बटणाची जागा ठरवा.

पहिल्यांदा बटणपट्टी जोडायची: वरचा पट्टीचा तुकडा, तिच्या दोन्ही उभ्या शिलायांसकट, Ctrl+J नं वेगळा काढा, Ctrl+T दाबून कार्डावर आणा आणि उजवं क्लिक करून `Warp` नं खालच्या टोकाशी मिळवा. जुळवताना तुकड्याची ओपॅसिटी 50 करा म्हणजे खालच्या शिलाया आरपार दिसतात, बसला की पुन्हा 100. त्यानंतर दोन्ही बाजूंचं कापड आणि शेवटी बटण. बटण त्याच शर्टाचं घ्या आणि दोन-चार अंश फिरवून बसवा, कारण भोकांची दिशा दोन बटणांत हुबेहूब सारखी कधीच नसते.

`Content-Aware Fill` इथं मोहात पाडतं. मोकळ्या कापडावर ते ठीक चालतं, पण कार्डाच्या जागी त्याच्याकडून बहुधा दीड बटण, तुटकी पट्टी किंवा शेजाऱ्याच्या कोटाचा तुकडा मिळतो.

कार्ड हातात धरलेलं असेल, बोटं त्यावर असतील, तर ते ठेवा. बोटांमधून कार्ड काढल्यावर मूठ काहीच धरत नाही आणि हात विचित्र दिसतो. ग्राहकाला तसं आधीच कळवलेलं बरं.

चौकडीचा शर्ट

इथं ब्रश बाजूला ठेवा. चौकडीत एका पिक्सेलची चूकसुद्धा रेघ मोडते, आणि मोडलेली रेघ लांबूनही दिसते. लासोनं फितीपेक्षा थोडा रुंद असा शेजारचा तुकडा निवडा, Ctrl+J करा आणि तो चौकडीच्या एक किंवा दोन पूर्ण घरांइतकाच आडवा सरकवा. तिरका सरकवू नका. ओपॅसिटी 50 वर ठेवून रेघा जुळवा, कापड जिथं वळतं तिथं `Warp`. लांबलचक तुकडा एकदम बसत नाही, फितीचे 60-70 पिक्सेलचे भाग पाडून घ्या.

बटणपट्टीवर, खिशावर आणि खांद्याच्या जोडावर चौकडी मुळातच तुटलेली असते. ती तुटकीच राहू द्या. सगळीकडे रेघा सलग केल्या की शर्ट कागदावर छापल्यासारखा दिसतो.

साडी, मंगळसूत्र आणि साज

काठापदराच्या साडीवर फीत पदराच्या निऱ्यांवरून जाते. प्रत्येक निरी म्हणजे एक उजेडाची आणि एक सावलीची उभी रेघ. त्या निऱ्या चुण्यांसारख्याच एकेक करून, त्यांच्या दिशेनं जोडायच्या. जरीचा काठ असेल तर तो चौकडीसारखा तुकड्यानं बसवायचा.

खरी परीक्षा दागिन्यांची. मंगळसूत्र आणि फीत एकाच वाटेनं खाली येतात, कुठं फीत वर, कुठं मंगळसूत्र वर. घाईत फीत साफ करताना मंगळसूत्राचे चार मणी गेले, तर ज्यांच्या गळ्यात ते आहे त्यांना पहिल्याच नजरेत कळतं, आणि त्यांची नाराजी रास्तच असते. म्हणून क्लोन करण्याआधी दिसणारं मंगळसूत्र पेन टूलनं आखा आणि सिलेक्शन करून उलटवून घ्या, म्हणजे ब्रश त्यावर चालणार नाही. फीत काढून झाली की मंगळसूत्राचे तुटलेले भाग जोडा. दोन टोकांमधली सर किती वाकते ते पाहा, 15-20 पिक्सेलचा मण्यांचा तुकडा उचला आणि प्रत्येक वेळी थोडा फिरवून त्या वाकावर एकापुढे एक लावा. सरळ रेषेत लावला तर सर ताणल्यासारखी दिसते. शेवटी तिची बारीक सावली कापडावर द्या, नाहीतर मणी हवेत तरंगतात.

वाट्या झाकल्या गेल्या असतील तर त्या मनानं काढायच्या नाहीत. कोल्हापुरी साज असेल तर मुळीच नाही. साजातली पानं एकसारखी नसतात. कुठं चंद्र, कुठं शंख, कुठं कासव, मासा. शेजारचं पान उचलून लावलं तर साज चुकला, आणि तो ओळखणारे लोक इथं घरोघरी आहेत. अशा वेळी त्याच ठिकाणची दुसरी फ्रेम शोधा, ज्यात फीत जरा सरकलेली आहे. दोन्ही फ्रेम एका फाइलमध्ये घ्या, दोन्ही लेयर निवडून `Edit` मधल्या `Auto-Align Layers` नं जुळवा, वरच्यावर काळा मास्क टाकून फक्त गळ्यापुरता पांढरा ब्रश फिरवा. माणूस हलला असेल तर तेवढा तुकडा Ctrl+T नं बसवता येतो. कुठल्याच फ्रेममध्ये साज पूर्ण दिसत नसेल, तर त्या बाईंची फीत तशीच राहू द्यावी, हे आमचं स्पष्ट मत आहे.

बॅगांचे पट्टे

तिरका जाणारा बॅगेचा पट्टा फितीपेक्षा दुप्पट रुंद असतो आणि वजनानं कापड दाबतो. त्यामुळे पट्ट्यापासून दोन्ही बाजूंना चुण्या फुटलेल्या असतात, सगळ्या पट्ट्याकडे ओढलेल्या. पट्टा काढून चुण्या ठेवल्या तर शर्टाला काहीतरी अदृश्य बांधल्यासारखं दिसतं. पट्टा भरून झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या 30-40 पिक्सेलमधल्या चुण्या हीलिंग ब्रशनं निम्म्या करा. पूर्ण पुसू नका, इस्त्रीतून आत्ताच काढल्यासारखा शर्ट तीस माणसांत उठून दिसतो.

खांद्यावर पट्टा कापडाच्या वर सेंटिमीटरभर उंच बसतो आणि खांद्याची रेषा बदलतो. तिथं कापड भरण्याआधी पेन टूलनं कॉलरपासून बाहीच्या शिवणीपर्यंत खांद्याची उतरती रेषा आखा. रेषेच्या वरच्या भागात मागची भिंत किंवा मागच्या माणसाचे कपडे भरा, खालच्या भागात शर्ट. दुसरा खांदा रिकामा असेल तर त्याचा उतार पाहून घ्या, पण हुबेहूब उलटवू नका. माणूस थोडा तिरका उभा असतो.

पट्टा काढला आणि कमरेला बॅग राहिली, असंही होतं. बॅग पुढच्या रांगेच्या मागे लपली असेल तर प्रश्न नाही. दिसत असेल तर दोन्ही काढा किंवा दोन्ही ठेवा. सॅकचे दोन पट्टे दोन्ही काखांत शर्ट गोळा करतात, तिथं मोकळं कापडच उरत नाही. पुढच्या रांगेत असा माणूस असेल तर वेळ आणि पैसे वेगळे सांगा, मागच्या रांगेत असेल तर ठेवायची परवानगी मागा.

द्यायच्या आधी

पडदा चालू करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगेनं प्रत्येक गळा पाहा: मान, कॉलर, छाती, खिसा. मागच्या रांगेतल्यांची फीत पुढच्याच्या केसांमागे जाते. तिथं केसांच्या कडेला फितीच्या रंगाची एक-दोन पिक्सेलची किनार राहते, ती `Color` लेयरनं मारा, केसांवर क्लोन करू नका. शाल पांघरलेल्या पाहुण्यांच्या शालीखालून फितीचं टोक डोकावतंय का, तेही पाहा. फेटा बांधलेल्यांचा खांद्यावर आलेला शेमला मात्र फीत समजून काढू नका. कंपनीची फीतही भगवी असेल तर ही चूक घाईत सहज होते.

मग पडदा बंद करा, लेयरसकट पीएसडी ठेवा आणि लॅबसाठी JPEG वेगळी काढा, sRGB मध्ये, क्वालिटी 10च्या वर. पीएसडी जपून ठेवा, कारण दोन दिवसांनी फोन येतोच, ‘साहेबांचं कार्ड तेवढं ठेवायला हवं होतं.’ तेव्हा त्या रांगेच्या लेयरवर मास्क टाकून साहेबांपुरतं काळं करायचं आणि त्यांच्या शर्टावर बसवलेल्या तुकड्यांचे लेयर बंद करायचे, की कार्ड जागेवर परत येतं.